‘ओके’ आलं म्हणजे गाडी येणार का? एका शब्दाचं उत्तर वाचायची आणि गरज पडली तर विचारायची रीत

२०२५ च्या डिसेंबरात आमच्या गटातल्या एका शेतकऱ्याचा कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर पोचलाच नाही. स्लॉट सोमवारचा होता, १५ तारखेचा. कपास किसान ॲपवर नोंदणी झालेली, कापसाची गंजी घरात लावलेली, सकाळी सातला भरायला चार माणसं अंगणात उभी. मॅटाडोर मात्र नाही. फोन केला तर मॅटाडोरवाला दुसऱ्याच गावात सोयाबीनचे कट्टे भरत होता.

‘‘भाऊ, तुम्ही ओके म्हटलं होतं ना!’’

‘‘म्हनलो ना. भाड्याले ओके म्हनलो. येतो म्हनून कधी म्हनलो मी?’’

दोघंही खरं बोलत होते, हीच खरी पंचाईत.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात मी आमच्या गटाच्या गाड्या, वेचणीच्या बायांच्या टोळ्या आणि केंद्रावरच्या तारखा जमवतो. दिवसभर फोनवर ‘ओके’, ‘ठीक’, ‘बरं’, ‘नोटेड’ आणि वर केलेले अंगठे येत राहतात. त्यातले बहुतेक निमूट सोडून द्यायचे असतात. थोड्यांच्या मात्र लगेच मागे लागावं लागतं. लोक नेमकं उलटं करतात. जिथं विचारायला पाहिजे तिथं भीड धरतात, आणि जिथं गरज नाही तिथं ‘नक्की ना? नक्की ना?’ करून समोरच्याला वैताग आणतात. म्हणून मी जी रीत वापरतो ती क्रमानं सांगतो. हाच मॅटाडोरचा मामला शेवटपर्यंत उदाहरणाला घेतो.

## टप्पा १: आधी आपलाच मेसेज परत वाचा

समोरच्याचं उत्तर उकलायला बसण्याआधी आपण काय पाठवलं होतं ते पाहा. शनिवारी रात्री गेलेला मेसेज असा होता:

‘‘भाऊ परवा सकाळी मॅटाडोर पाहिजे होती. बारा क्विंटल आहे. ताडपत्री तुमची की आमची आणू. भाडं मागच्यासारखंच ना’’

उत्तर आलं: ‘‘ओके’’.

या चार ओळींत तीन प्रश्न आहेत. गाडी येणार का, ताडपत्री कोणाची, भाडं तेच का. ‘ओके’ त्यातल्या एकाच प्रश्नाला बसतं, आणि कोणत्या ते कळायला मार्ग नाही. माणूस बहुधा शेवटच्या ओळीला उत्तर देतो, कारण तीच डोळ्यासमोर राहते. इथं शेवटी भाडं होतं. ताडपत्रीच्या प्रश्नाला तर ‘ओके’ हे उत्तरच होऊ शकत नाही. आपण विचारलं ‘तुमची की आमची’, तो म्हणाला ‘ओके’. इथंच ओळखायचं होतं की मेसेज धड वाचलेला नाही.

दुसरी गोम आपल्या बोलण्यातच आहे. ‘मॅटाडोर पाहिजे होती’ हे आपल्याकडं अदबीनं मागणं आहे. पण वाचणाऱ्याला ती नुसती चौकशीही वाटू शकते. गाडी पाहिजे होती, बरं, मग पुढं? ठरवली की नाही, ते वाक्यात कुठंच नाही. त्यात पुन्हा ‘परवा’. येणारा आणि गेलेला, दोन्ही दिवसांना आपण परवाच म्हणतो. समोर बसून बोलताना घोळ होत नाही. एखादा मेसेज रात्री पावणेबाराला गेला आणि समोरच्यानं सकाळी उठून वाचला तर त्याचा परवा एक दिवस पुढं सरकतो.

तपासून घ्या: आपल्या मेसेजमधले प्रश्न बोटावर मोजा. एकच प्रश्न निघाला आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर शक्य असलं, तर ‘ओके’ बऱ्यापैकी धरून चाला. दोन किंवा जास्त निघाले, तर आलेलं ‘ओके’ फक्त पोचपावती समजा.

बहुतेक गोंधळ या टप्प्यावरच सापडतो. समोरचा तुसडा आहे, गुर्मीत आहे, टाळतो आहे, हे सगळं नंतर. आधी आपला कागद स्वच्छ आहे का ते पाहा.

## टप्पा २: ‘ओके’ कशाला आलं आणि किती वेळात आलं

आता उत्तराभोवतीच्या खुणा पाहा. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका म्हणजे मेसेज उघडला गेला, त्यापलीकडं काही नाही. काही जण निळ्या टिका बंद ठेवतात, त्यांच्या टिका वाचूनही करड्याच राहतात. त्यावरून ‘वाचलंच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ग्रुपमध्ये मात्र ती सोय बंद करता येत नाही. आपला मेसेज दाबून धरला आणि माहिती उघडली की कोणी वाचला, कोणाकडं नुसता पोचला ते नावानिशी दिसतं.

आपल्याकडं निम्मा कारभार आवाजाच्या मेसेजवर चालतो, आणि तिथली खूण जास्त कामाची आहे. समोरच्यानं रेकॉर्डिंग ऐकलं की त्यावरचं माइकचं चिन्ह निळं होतं. तुम्ही पावणेदोन मिनिटं बोललात, आणि दहा सेकंदांत ‘ओके’ आलं, तर ते ऐकून दिलेलं नाही एवढं सांगायला पंचांग नको.

उत्तर कोणत्या मेसेजला जोडून आलं तेही पाहा. तुमची एखादी ओळ पकडून खाली ‘ओके’ लिहिलं असेल, तर ते त्याच ओळीचं. सुटं आलं असेल तर शेवटच्या ओळीचं समजा. अंगठ्याचंही तसंच. ज्या मेसेजवर अंगठा चिकटवलाय त्याचाच तो.

आमच्या मामल्यात ‘ओके’ सुटं होतं आणि मिनिटभरात आलं होतं. म्हणजे माणूस फोन हातात घेऊन होता, शेवटची ओळ वाचली आणि मोकळा झाला.

## टप्पा ३: शब्द कोणाच्या हातचा आहे

या टप्प्याला वेळ द्या. एकच ‘ठीक’ दोन माणसांकडून आलं तर त्याचे दोन अर्थ होतात, आणि कोणता ते शब्दकोश सांगत नाही. त्या माणसाबरोबरची जुनी चॅट सांगते. वर सरकवत जा आणि मागची पाच-सहा वेळा पाहा. त्यानं ‘ओके’ म्हटलं तेव्हा पुढं काय झालं? काम झालं की पुन्हा फोन करावा लागला? काहींचा ‘ओके’ चेकसारखा वटतो. आमच्याकडच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आजवर एका अक्षरापलीकडं लिहिलेलं नाही, नुसतं ‘के’ पाठवतो, आणि पाच मिनिटं आधी धुऱ्यावर हजर असतो. त्याला खुलासा विचारणं म्हणजे त्याचा अपमान करणं.

म्हणून शब्द किती छोटा आहे यावर जाऊ नका, शब्द बदललाय का ते पाहा. एरवी ‘हो भाऊ, येतो ना’ असं लिहिणारा एकदम ‘ठीक’वर आला, तर काहीतरी आहे. गाडी दुसरीकडं अडकलीय, मागचं भाडं बाकी आहे, किंवा घरी कोणी आजारी आहे. नेहमीच ‘ठीक’ लिहिणाऱ्याच्या ‘ठीक’मध्ये असलं काही शोधू नका.

आमच्या भागात हे शब्द साधारण कसे चालतात ते सांगतो. गावागणिक फरक पडेल, तेवढा धरून चला.

‘हाव’ किंवा ‘हो ना’ म्हणजे बहुधा खरंच हो. ‘येतो ना’मध्ये वेळ नाही, पण येण्याचा इरादा आहे. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘चालते’ म्हणजे मला अडचण नाही, पण पुढचं तुम्ही पाहा. ‘ठीक’पेक्षा ‘ठीक आहे ना’ जास्त पक्कं. ‘पाहतो’ आणि ‘पाहू ना’ हे मात्र नीट ओळखा. आपल्याकडं तोंडावर ‘नाही’ म्हणणं वाईट दिसतं, त्यामुळे अर्धे नकार ‘पाहू ना’ची टोपी घालून येतात. ‘पाहतो’ आलं की दुसरी गाडी शोधायला लागा, आणि शोधताय ते पहिल्याला कळू द्या. ‘ओके’ या सगळ्यांत पातळ. देवनागरीत टाइप करायचा कंटाळा, एका हातात स्टिअरिंग, कीबोर्डवर आयता सुचवलेला शब्द, आणि ‘पुरे आता’ असं सगळंच त्यात मावतं.

एक प्रश्न लोक विचारतच नाहीत: ओके टाइप कोणी केलं? खेड्यात फोन एकाच माणसाच्या हातात राहतो असं नाही. बाप वावरात, फोन घरी चार्जिंगला, त्यावर पोरगा गेम खेळतोय. मधे मेसेज आला तर तो आडवा येतो म्हणून पोरगा ‘ओके’ लिहून हटवतो. वेचणीच्या एका टोळीचं ठरवताना माझ्याबरोबर हे झालं. टोळीवाल्या मावशींना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी मेसेज केला, आणि त्यांच्या नातवाच्या ‘ओके’वर विसंबून वावरात कापसाच्या पऱ्हाटीकडं बघत बसलो. मावशींच्या कानावर काही गेलंच नव्हतं. त्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी बाया वेचणीला येत नाहीत, हे मला मेसेज लिहिण्याआधीच सुचायला पाहिजे होतं.

सावधान: फोन ज्याच्या नावावर आहे तोच वाचतो असं धरू नका. ज्याला वाचता येत नाही किंवा जो फोन घरी ठेवून जातो, त्याच्याकडून आलेला एक शब्द म्हणजे उत्तर आलंच नाही असं समजून थेट फोन लावा.

## टप्पा ४: विचारायचं की सोडून द्यायचं

इथं स्वतःला दोनच गोष्टी विचारायच्या. मी चुकीचा अर्थ घेतला तर माझं काय जाईल? आणि चूक मला कधी कळेल, दुरुस्त करायला वेळ असताना की वेळ गेल्यावर?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नुकसान मोठं असलं तरी ते आधी कळणार असेल तर थांबता येतं. गाडीच्या बाबतीत चूक गाडी न आल्यावरच कळते. तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात, आणि आजूबाजूच्या सगळ्या गाड्या ठरून गेलेल्या असतात. सोमवारचा स्लॉट हुकला म्हणजे त्या तारखेची खरेदी गेली, पुन्हा ॲपवर तारीख पाहत बसायचं. तोवर कापूस घरात. २०२५-२६ हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. व्यापाऱ्यानं त्याहून तीन-चारशे कमी सांगितले तरी बारा क्विंटलवर साडेतीन ते पाच हजारांची गोष्ट होते. एवढं पणाला असताना दोन ओळींचा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

उलट बाजूची उदाहरणं घ्या. गटाच्या ग्रुपवर तुम्ही टाकलं, ‘उद्या अकरा वाजता शाळेत बैठक’, आणि सहा जणांनी ‘ओके’ लिहिलं. सोडून द्या. पाच आले काय आणि सात आले काय, बैठक होते. कोणाला फवारणीच्या औषधाचं नाव पाठवलं आणि ‘ठीक’ आलं, सोडून द्या. माहिती होती, पोचली. तुम्ही मागितलं काहीच नव्हतं, तर ‘ओके’नं द्यायचं तरी काय राहिलं? मात्र त्याच मेसेजात औषधाचं पंपाला प्रमाण असेल, तर सोडू नका. चुकलेलं प्रमाण पऱ्हाटी जळाल्यावरच कळतं.

ज्याचा शब्द मागच्या पाचही वेळा वटलाय त्यालाही सहसा विचारायचं नाही. अपवाद दोन: काम नेहमीपेक्षा वेगळं असेल, किंवा वेळ बदललेली असेल. सवयीचा माणूस सवयीच्या वेळेला येतो. तुम्ही सहाच्या ऐवजी चार लिहिलंय हे त्याच्या नजरेतून सुटू शकतं.

तपासून घ्या: मोठं नुकसान, उशिरा कळणारी चूक आणि मेसेजात एकाहून जास्त प्रश्न. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर विचारा. एकच असेल तर माणसाची सवय पाहून ठरवा.

मॅटाडोरच्या मामल्यात तिन्ही जुळत होत्या. आमच्या शेतकऱ्यानं विचारलं नाही, कारण मॅटाडोरवाला नात्यातला. ‘पुन्हा विचारलं तर म्हणेल, भरोसा नाही का?’ भीड खरी आहे, ती मी खोटी म्हणत नाही. म्हणून पुढचा टप्पा.

## टप्पा ५: असं विचारा की ‘ओके’ म्हणताच येणार नाही

लोक खुलासा मागतात तो असा: ‘‘नक्की ना भाऊ?’’ याला उत्तर येतं ‘‘हो’’. हाती काय लागलं? एका ‘ओके’चे दोन झाले. शिवाय ‘नक्की ना’मध्ये संशयाचा वास आहे. समोरच्याला तो लगेच येतो.

त्यापेक्षा अशी एक बारीक गोष्ट विचारा जी फक्त येणाऱ्यालाच माहीत असते. वेळ, जागा, आकडा, किंवा दोनातलं एक. आमच्या गड्यानं रविवारी सकाळी एवढं लिहायला पाहिजे होतं:

‘‘भाऊ, गाडी पांदणीनं आणता की गावातून? पांदणीत पाणी सोडलंय, म्हणून विचारलं.’’

ज्याला यायचंय तो ‘गावातून’ म्हणेल. ज्यानं येणं मनावरच घेतलेलं नाही तो चमकून म्हणेल, ‘‘कधी? सोमवारी? माही गाडी तर सोयाबीनवर आहे.’’ रविवारी सकाळी हे कळलं असतं तर दुसरी गाडी सहज मिळाली असती. यात भरोशाचा प्रश्न कुठंच येत नाही. तुम्ही त्याची सोय पाहताय, एवढंच दिसतं.

भीड मोडायचा दुसरा मार्ग म्हणजे दोष स्वतःकडं घेणं. ‘‘भाऊ, काल मी एकातच तीन गोष्टी लिहिल्या, माझाच घोळ झाला. सोमवारी सकाळी किती वाजता निघता?’’ वडीलधाऱ्यांना, सोयऱ्यांना असंच लिहावं. मेसेजपेक्षा फोन बरा. आधी ‘जेवण झालं का काका’ येऊ द्या, मग काम. वहिनी, ताई, मावशी यांच्याकडून टोळीचं ठरवायचं असेल तर रात्री नऊनंतर मेसेज नको. संध्याकाळी चुली पेटायच्या आधी फोन करा, त्या वेळेला बाया भेटतात.

काही गोष्टी टाळा. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर खुलासा मागू नका. तिथं माणूस इभ्रतीसाठी ‘हो’ म्हणतो आणि मग येत नाही. एका खुलाशात दुसरा प्रश्न घुसडू नका, नाहीतर पुन्हा टप्पा १. आणि ‘ओके म्हणजे काय?’ असं तर चुकूनही लिहू नका. त्याचं उत्तर भांडण असतं.

सावधान: विचारायची वेळ सांभाळा. दुसरी सोय करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आधी विचारा. हंगामात आमच्याकडं दुसरी गाडी मिळायला अर्धा दिवस जातो. म्हणून सकाळच्या गाडीचा खुलासा आदल्या दिवशी दुपारच्या आत झाला पाहिजे. रात्री दहाला विचारलेलं कितीही गोड असलं तरी उपयोगाचं नाही.

## टप्पा ६: पुन्हा ‘ओके’च आलं तर

होतं असं. तुम्ही विचारलं, ‘‘किती वाजता निघता?’’ उत्तर आलं, ‘‘ओके’’. हसू येईल, पण हसण्यावारी नेऊ नका. आता मेसेज बंद आणि फोन. फोन उचलला नाही तर घरी कोणाला तरी पाठवा. गावात अंतर ते किती असतं! तिसरा मेसेज लिहू नका. तिसऱ्याला फारच झालं तर अंगठा येईल.

फोनवर आवाज ऐकू येतो, आणि अडखळणं आवाजातच कळतं. ‘‘हो... येतो ना...’’ मधली जी पोकळी आहे तिथं थांबा आणि सरळ वाट करून द्या: ‘‘दादा, जमत नसेल तर आत्ताच सांगा, राग नाही. मी दुसरी पाहतो.’’ नकार द्यायला जागा करून दिली की निम्मे लोक खरं सांगतात. जागा नसली की ते ‘ओके’च्या आड बसतात.

पक्कं करायचं जुनं साधन इसार आहे, ते विसरू नका. पाचशे रुपये हातात ठेवले किंवा फोनवरून पाठवले की व्यवहार ठरला. मग त्यानं ‘ओके’ लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय. आणि दुसरी गाडी ठरवलीच, तर पहिल्याला स्पष्ट कळवा. नाहीतर सोमवारी सकाळी अंगणात दोन मॅटाडोर, आणि दोघांचं भाडं तुमच्या बोकांडी. हे आमच्या घरी झालंय, जास्त सांगत नाही.

## ‘नोटेड’ वेगळं आहे

हा शब्द गाडीवाला लिहीत नाही, साहेब लिहितात. कृषी खात्यातले, बँकेतले, पंचायत समितीतले. त्याचा अर्थ शब्दशः घ्या: नोंद घेतली. मंजूर केलं, पुढं पाठवलं, काम होईल, यातलं काहीच त्यात नाही. लिहिणाऱ्याचा दोषही नाही. त्यानं जेवढं केलं तेवढंच सांगितलं.

२०२३ च्या खरिपात आमच्याकडच्या एकाचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. तेव्हा पीकविम्यात शेतात पाणी साचणं, गारपीट अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती. ॲपवर सूचना दिली की तिचा क्रमांक मिळायचा. यानं काय केलं, पाच फोटो एका कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. उत्तर आलं, ‘नोटेड’. हा निर्धास्त. ७२ तास संपले, क्रमांक कुठंच नाही, आणि विम्याच्या यादीत नावही नाही. (पुढं २०२५ च्या खरिपापासून राज्यात हे नियम बदलले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे कापणीच्या वेळी मोजलेल्या उत्पादनावर, गेली. ‘नोटेड’ची गोष्ट मात्र तशीच आहे.)

ऑफिसच्या एका शब्दाला म्हणून एकच कसोटी लावा: यातून मला नंबर, तारीख किंवा शिक्का मिळाला का? मिळाला नसेल तर काम अजून तुमच्याच हातात आहे. विचारायचं ते असं: ‘‘सर, याचा अर्ज क्रमांक कुठं दिसेल? की मला वेगळा अर्ज करावा लागेल?’’ यालाही ‘नोटेड’ आलं तर लेखी अर्ज घेऊन जा, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या.

## घरातलं ‘ठीक’

याला थोडक्यातच घेतो. बहिणीचं, सासऱ्यांचं, मित्राचं ‘ठीक’ आलं की लोक रात्रभर कुढतात: रुसले का? वरचे टप्पे इथंही चालतात, फक्त शेवटचा बदलतो. नेहमीचंच ‘ठीक’ असेल तर झोपा. बदललं असेल तर ‘रागावलीस का?’ असं लिहू नका, त्याला ‘नाही’ येतं आणि आणखी बिनसतं. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि भलत्याच विषयावर बोला. बोंडअळी, पाऊस, पोराची परीक्षा. खरं काही असेल तर पाचव्या मिनिटाला आपोआप निघतं.

## तोच मेसेज, नीट लिहिलेला

पुढं त्या शेतकऱ्याला जानेवारीतला स्लॉट मिळाला. या वेळी मेसेज मी त्याच्याजवळ बसून लिहवून घेतला. एक गोष्ट आधी ठरवली: कापूस आदल्या दिवशी संध्याकाळीच भरायचा, दव पडायच्या आत. केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ पर्यंत कपात, १२ च्या वर घेतच नाहीत. पहाटेच्या दवात अंगणात भरत बसलं तर सुका कापूसही ओलावा धरतो. म्हणजे गाडी सकाळी नाही, संध्याकाळी पाहिजे. सवयीच्या वेळेपेक्षा वेगळी वेळ, म्हणजे विचारायला जास्तच कारण.

मेसेज तीन तुकड्यांत गेला. पहिला: ‘‘भाऊ, गुरुवारी संध्याकाळी मॅटाडोर पाहिजे, भरून रात्री आमच्याच अंगणात उभी राहील, शुक्रवारी पहाटे केंद्रावर निघायचं. जमते का?’’ बस. भाडं नाही, ताडपत्री नाही. उत्तर आलं ‘हाव’. मग दुसरा: ‘‘भाडं मागचंच, रात्रीच्या मुक्कामाचे दोनशे वेगळे. चालते?’’ उत्तर: ‘चालते’. एक प्रश्न, एक उत्तर, दोन्ही वेळा.

तिसरा मेसेज गुरुवारी सकाळी, मुद्दाम: ‘‘भाऊ, भरायला माणसं किती वाजता बोलवू?’’

पंधरा मिनिटं काही आलं नाही. मग आलं: ‘‘साडेचार. ताडपत्री तुमचीच आना, माही फाटली.’’

आमचा गडी ताडपत्री मागायला शेजारी गेला.